दहा दिवसांचा अकरावा दिवस

माझ्या धाकट्या भावाचा मंडप आणि लायटिंगचा धंदा आहे. लग्न, उरूस, जयंती, गणपती, जिथे चार बांबू आणि शंभर दिवे लागतात तिथे तो असतो. पलीकडच्या पेठेतल्या एका गणपती मंडळाचं काम त्याच्याकडे बरीच वर्षं आहे. करार कधी कागदावर नसतो. मंडळाचे नाना फोन करतात, "दहा दिवसांचं ठरलं बरं का," आणि भाऊ म्हणतो, "ठरलं नाना." एवढंच.

2024 साली याच "दहा दिवसां"वरून दोघांची चांगलीच जुंपली.

गणेश चतुर्थी होती 7 सप्टेंबरला. भावाने बोटं मोजली, सात तारीख एक, आठ तारीख दोन, असं करत सोळा तारखेला दहा. म्हणजे सतरा तारखेला माल मोकळा. त्या वर्षी ईद-ए-मिलाद 16 सप्टेंबरला होती आणि दुसऱ्याच दिवशी, 17 ला, अनंत चतुर्दशी. मिरवणुका एकमेकींवर येऊ नयेत म्हणून मुंबईत ईदची सुट्टीसुद्धा 18 तारखेला गेली. आमच्या गावातही जुलूस 18 लाच काढायचं ठरलं होतं. मोहल्ल्यातल्या लोकांना आदल्या संध्याकाळपासून दिवे लागलेले हवे होते. भावाने सतरा तारखेची संध्याकाळ त्यांना देऊन टाकली.

चौदा तारखेला त्याने नानांना सहज सांगितलं, "सतराला सकाळी पोरं येतील, दिवे उतरवून नेतील." नानांना वाटलं हा चेष्टा करतोय. विसर्जनाच्या दिवशी सकाळीच मंडपात अंधार? "अरे, दहा दिवस म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत. आमच्या आज्यापासून दहा दिवसांचाच गणपती आहे." भाऊ म्हणाला, "दहा सोळालाच होतात." मंडळातला एक तरुण कार्यकर्ता मध्येच बोलला, "आता आमचा सण किती दिवसांचा ते तुम्ही सांगणार का?"

भाऊ गप्प घरी आला. जेवला नाही. मला म्हणाला, "आपा, तू शाळेत गणित पण शिकवतेस ना? मग सांग, माझं काय चुकलं?"

मी शिकवते उर्दू आणि मराठी, पण आमच्याकडे शिक्षक कमी पडले की पाचवीचं गणितही माझ्याच वाट्याला येतं. त्यामुळे ही चूक मी दरवर्षी तपासते. "7 तारखेपासून 17 तारखेपर्यंत किती दिवस?" या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त मुलं 17 मधून 7 वजा करतात आणि 10 लिहितात. वजाबाकी बरोबर आहे, उत्तर चूक आहे. वजाबाकी सांगते की सातनंतर किती पावलं टाकली म्हणजे सतरावर पोहोचतो. ज्या सातवर आपण उभे होतो, तो दिवस त्यात येत नाही. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरायचे तर वजाबाकीत एक मिळवावा लागतो.

हे मुलांच्या गळी उतरवायला मी लहान उदाहरण घेते. आमच्याकडे कुर्बानी जिल्हिज्जच्या दहा, अकरा आणि बारा तारखेला होते. बारातून दहा गेले, उरले दोन. पण कुर्बानीचे दिवस तीन, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. उदाहरण बोटांवर मावेल इतकं लहान केलं की गेलेला दिवस लगेच सापडतो. महिना बदलला की मात्र तो पुन्हा हरवतो. 27 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर म्हटलं की मुलं 31 मधून 27 वजा करून 4 धरतात, त्यात 6 मिळवतात आणि परत 10 लिहितात. ऑगस्टमध्ये 27, 28, 29, 30, 31 असे पाच दिवस आहेत. पाच आणि सहा अकरा.

म्हणजे माझ्या भावाचं गणित बरोबर होतं. सात ते सतरा अकरा दिवस होतात, दहा नाही. पण मी त्याला तेवढंच सांगून पाठवलं असतं तर भांडण वाढलं असतं, कारण नानाही खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कालनिर्णय घेऊन भावाबरोबर मंडपात गेले.

नानांना मी विचारलं, "दीड दिवसाचा गणपती यंदा कधी गेला?" म्हणाले, आठ तारखेला. पाच दिवसांचा? अकराला. सात दिवसांचा? तेराला. मी म्हटलं, "बघा, सात तारीख पहिला दिवस धरली तर अकरा हा पाचवा आणि तेरा हा सातवा. याच हिशेबाने दहा दिवसांचा गणपती कधी जायला हवा?" नानांनी बोटं मोजली आणि सोळावर थांबले. "पण सोळाला कसा जाईल? चतुर्दशी सतराला आहे."

तिढा तिथेच होता. पाच आणि सात दिवसांचे गणपती दिवस मोजून जातात. दहा दिवसांचा गणपती दिवस मोजून जात नाही, तिथी बघून जातो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येतो, चतुर्दशीला जातो. चौदातून चार वजा केले की दहा, आणि तोच आकडा सणाच्या नावात बसलेला असावा असं मला वाटतं. पण चतुर्थी आणि चतुर्दशी दोन्ही धरल्या तर तिथी अकरा होतात.

आमच्या मुहर्रमला हा घोळ होत नाही. ताबूत दहाव्या दिवशी थंड होतात आणि त्या दिवसाची तारीखही दहाच असते, कारण मोजणी महिन्याच्या पहिल्या चंद्रापासून, म्हणजे एकपासून सुरू होते. मोजणी एकपासून सुरू झाली की शेवटचा आकडा हीच दिवसांची संख्या. चारपासून सुरू झाली की फसगत ठरलेली.

"मग इतकी वर्षं आमचं भांडण कसं झालं नाही?" नानांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी मोबाइलवर मागची वर्षं काढली. 2021 मध्ये 10 ते 19 सप्टेंबर. 2022 मध्ये 31 ऑगस्ट ते 9 सप्टेंबर. 2023 मध्ये 19 ते 28 सप्टेंबर. तिन्ही वर्षं दोन्ही टोकं धरून बरोबर दहा दिवस. ओळीने तीन वर्षं भावाचे दहा आणि नानांचे दहा एकाच दिवशी संपले, म्हणून दोघांनाही वाटत राहिलं की आपण एकच गोष्ट मोजतो आहोत. त्याआधी 2018, 2019 आणि 2020 मध्ये अकरा दिवस होते. 2017 मध्ये तर 25 ऑगस्ट ते 5 सप्टेंबर, म्हणजे बारा.

दिवस कमीजास्त होतात याचं कारण तिथी. तिथी चंद्राच्या चालीवर ठरते आणि तिची लांबी साधारण एकोणीस ते सव्वीस तास अशी बदलते. आपला कॅलेंडरचा दिवस मात्र चोवीस तासांचाच. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच संपून जाते, तिला क्षय म्हणतात. एखादी दोन सूर्योदय पाहते, ती वृद्धी. शिवाय गणेश चतुर्थी कोणत्या दिवशी धरायची हे माध्यान्हाच्या वेळी चतुर्थी आहे का यावर ठरतं, त्यानेही एक दिवस इकडेतिकडे होतो. म्हणून अकरा तिथींचा सण कधी दहा दिवसांत बसतो, कधी अकरा घेतो, क्वचित बारा.

तो तरुण कार्यकर्ता शेजारीच उभा होता. म्हणाला, "पण बाई, आम्ही मंडपात झोपतो ते दहाच रात्री. पाळीपत्रक मीच केलंय." मला त्याचं कौतुक वाटलं. सात तारखेची रात्र पहिली, सोळाची दहावी, आणि सतराच्या रात्री मंडपात मूर्तीच नाही. रखवालीच्या रात्री दहा, आरतीचे दिवस अकरा. दोन्ही खरं. प्रश्न फक्त भावाने भाडं कशाचं लावायचं, हा होता.

यावर उपाय नानांनीच काढला, आणि तोही दीड दिवसाच्या गणपतीवरून. तो गणपती सात आणि आठ अशा दोन तारखांना घरात असतो, पण त्याला कुणी दोन दिवसांचा म्हणत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तो अर्ध्यावर उठतो. नाना म्हणाले, "आमचा अकरावा दिवसही अर्धाच आहे. दुपारी चारला मूर्ती मंडपाबाहेर पडते. मिरवणुकीला ट्रॉलीवरचे दिवे आणि जनरेटर लागेल. मंडपातल्या माळा चारनंतर कुणासाठी जळणार? त्या खुशाल ने तुमच्या मोहल्ल्यात." भाडं साडेदहा दिवसांचं ठरलं.

सतराच्या संध्याकाळी मोहल्ल्यात दिवे लागले, ठरल्यापेक्षा जरा उशिरा. माळा उतरवायला मंडळाचीच दोन पोरं चढली होती, कारण आमची पोरं ट्रॉलीवर अडकली होती.

घरी परतताना मी भावाला म्हटलं, यात भाषेचाही थोडा हात आहे. उर्दूत आपण हफ्ता म्हणतो, त्यात फारसीतला 'हफ्त' म्हणजे सात आहे. मराठीत त्याच सात दिवसांना आठवडा म्हणतात. सोमवारपासून सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरले की आठ. मराठी माणूस "आठ दिवसांनी ये" म्हणतो तेव्हा आपण त्याच वारी जातो आणि कुणी चुकत नाही. तिथे दोघांनाही वार माहीत असतो. भांडण फक्त आकडा उच्चारला जातो आणि तारीख उच्चारली जात नाही, तिथे होतं.

2025 मध्ये नानांचा फोन आला तेव्हा भावाने स्पीकर लावला होता. "27 ऑगस्टच्या सकाळपासून 6 सप्टेंबरला दुपारी चारपर्यंत," नाना म्हणाले. "साडेदहा दिवस. बाईंना विचार, बरोबर आहे ना."

मी बोटं मोजली. बरोबर होतं.