काळे आहेत तोवर

पांढऱ्या केसावर लेझर चालत नाही. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझी हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली आणि हे मला नीट समजावून सांगितलं. केसातला काळा रंग लेझरचा उजेड शोषून घेतो, त्याची उष्णता होते आणि ती मुळाशी उतरून मूळ जाळते. रंगच नसेल तर शोषणार कोण? माझे गाल आणि गळा अजून बऱ्यापैकी काळे होते, हनुवटी आणि मिशीच्या कडा मात्र पिकल्या होत्या. त्यात आपली सावळी कातडी. तिच्यातही तोच रंग असतो, म्हणून लेझर बेतानं, त्या कातडीला मानवेल असा निवडून वापरावा लागतो. नाहीतर चेहऱ्यावर भाजल्याचे डाग राहतात. "दहा वर्षांपूर्वी आला असतात तर काम सोपं होतं," बाई म्हणाल्या.

दहा वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं. मी बाई आहे, हे मला वयाच्या 53व्या वर्षी कळलं. तेव्हा मी बँकेत शाखाधिकारी होते, आजही आहे. लग्नाला पाव शतक उलटून गेलेलं, मुलगी बंगळुरूला नोकरीत, घराचं कर्ज फिटलेलं.

इतक्या उशिरा कसं कळतं, असं मला विचारलं जातं, आणि प्रश्न रास्तच आहे. भाचीची मंगळागौर होती. रिवाजाप्रमाणे आम्हां पुरुषांना बाहेरच्या खोलीत बसवलेलं. कॉफीचा ट्रे आत नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. आत झिम्मा रंगात आला होता. पदर खोचलेले, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं, आणि गुडघे दुखतात म्हणणारी थोरली आत्या "आता शेवटची हं" म्हणत पुन्हा फुगडीला उठत होती. "दादा, ठेवा तिकडे," कुणीतरी म्हणालं. मी ट्रे ठेवला आणि दारातच उभी राहिले. मी खेळ बघत नव्हते. कुणीतरी माझा हात धरून मला आत ओढेल, याची मी वाट बघत होते. सहा-सात वर्षांची असताना "मोठा झालास, आता बाहेर जाऊन बस" असं सांगून मला अशाच एका खोलीतून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून मी ही वाट बघते आहे, हे त्या दारात मला लख्ख दिसलं. त्यानंतर ते न दिसल्यासारखं करणं मला जमलं नाही.

मधली वर्षं काही रिकामी गेली नाहीत. परीक्षा, बढत्या, बदल्या, आईचं आजारपण, मुलीचं शिक्षण, सगळं मनापासून केलं. आत काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, पण त्याला नाव द्यायला माझ्यापुढे माणूसच नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे होते ते घर सोडून गेलेले, गुरूच्या घरात राहणारे, टाळी वाजवून पैसे मागणारे तृतीयपंथी. त्यांचं धैर्य मोठं आहे, ते मला आता कळतं. पण पीककर्जाच्या फायली तपासणारा, चष्मा लावणारा मध्यमवयीन अधिकारी त्या चित्रात कुठे बसत नव्हता. 2014च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं सांगावं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. वर्षभरानं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, आणि बँकेच्या अर्जांत तिसऱ्या लिंगाचा रकाना घालायचा ठरला. ते परिपत्रक आमच्या शाखेत मीच वाचून दाखवलं. त्या रकान्यात खूण करणाऱ्याला काउंटरवर कसं बोलायचं, हे मी कारकुनांना समजावलं. ते माझ्याविषयीही असू शकेल, असं मनाला शिवलंसुद्धा नाही.

चित्र मिळालं ते फार दूरचं. डियर्ड्रे मॅक्लॉस्की या अमेरिकेतल्या नामांकित अर्थशास्त्रज्ञ. आयोवा विद्यापीठात प्राध्यापक होत्या, तीस वर्षांचा संसार, दोन मोठी मुलं. अधूनमधून चोरून बायकांचे कपडे घालायचे, ही आपली एक निरुपद्रवी सवय आहे, अशीच त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःची समजूत घातली होती. 1995च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 53व्या वर्षात, गाडी चालवताना त्यांना उमगलं की ही सवय नव्हे, आपण बाईच आहोत. 'क्रॉसिंग' या पुस्तकात त्यांनी पुढचं सगळं लिहिलंय. मी ते नोकरीला काय होतं हे शोधायला उघडलं. पण विद्यापीठाच्या अधिष्ठात्यांनी बातमी हसतमुखानं ऐकली आणि पाठीशी उभे राहिले. नोकरी टिकली. घर मात्र टिकलं नाही. सख्ख्या बहिणीनं त्यांना मनोरुग्ण ठरवण्याची खटपट केली, बायको दुरावली, मुलांनी बोलणं टाकलं. ब्रिटनमधल्या वेल्श लेखिका जॅन मॉरिस यांचं याच्या उलट झालं. 1972मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर तिथल्या कायद्यापायी त्यांना घटस्फोट घ्यावा लागला, तरी पत्नी एलिझाबेथ त्यांच्याच घरात राहिल्या आणि 2008मध्ये दोघींनी आपल्या नात्याची पुन्हा नोंदणी करून घेतली. पण मॉरिस यांना स्वतःबद्दल अगदी लहानपणापासून ठाऊक होतं. मला ती सवड मिळाली नाही, आणि म्हणून माझ्या बायकोलाही मिळाली नाही.

हिला मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मी नवऱ्याशी लग्न केलं होतं." त्यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. काही दिवसांनी तिनं आपलं मत सांगितलं: निवृत्तीपर्यंत थांबा. साठीनंतर गाव बदलू, मग काय करायचं ते करा. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. नाव बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करायचं, मग आधार, पॅन, सेवापुस्तक, पेन्शनचे कागद. एकाही ठिकाणी अक्षर इकडचं तिकडे झालं तर उद्या तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनात खोट निघेल. कागदांत अडकलेल्या विधवा मी काउंटरपलीकडे रोज बघते, त्यामुळे ही भीती मला खोटी वाटली नाही. नोकरीत भेदभाव करायला 2019च्या कायद्यानं मनाई केली आहे, हे मी तिला सांगितलं. "कायदा दुपारच्या डब्याला शेजारी बसणार आहे का?" तिनं विचारलं.

थांबणं म्हणजे जागच्या जागी असणं, असं वाटतं. शरीर मात्र थांबत नाही. हे मला हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे समजलं. त्यांनी आधी रक्तदाब, साखर आणि घरातल्या कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, हे विचारलं. इस्ट्रोजेनची गोळी यकृतातून जाते आणि गुठळीचा धोका वाढवते. पन्नाशीनंतर तो धोका मुळातच जास्त असतो, म्हणून या वयात कातडीवर चोळायचं जेल किंवा पट्टी बरी. त्यानं कातडी मऊ होईल, चरबीची जागा बदलेल, छाती थोडी भरेल. हे सगळं दोन ते पाच वर्षांत, आणि विशीतल्या मुलीइतकं नाही. आवाज बदलणार नाही, तो शिकूनच बदलावा लागतो. दाढीही जाणार नाही. इच्छा मंदावेल, पुरुषाच्या शरीराची काही कामं थांबतील. ते पुढचं त्यांनी हिच्याशी वेगळं बोलावं, असं मीच सुचवलं. ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

त्याच महिन्यात हिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला औषध लिहून दिलं. पाळी जायच्या सुमाराला रात्री अंगातून गरम वाफा निघतात, त्यासाठी. तेही इस्ट्रोजेनचं जेलच होतं. तिनं ती ट्यूब जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या अंगातून जे चाललंय, ते तुम्ही विकत आणणार." तिच्या आवाजात राग नव्हता. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोललो, आणि बऱ्याच वर्षांनी माझ्याबद्दल नाही तर तिच्याबद्दल बोललो: झोप, सांधे, चिडचिड, आणि आपलं म्हातारपण कुणाबरोबर जाणार याची धास्ती.

तडजोड दाढीवर झाली. साठीला पोचेन तेव्हा ती पुरती पांढरी झालेली असणार. मग लेझरचा उपयोग शून्य, उरणार फक्त इलेक्ट्रोलिसिस. म्हणजे बारीक सुई एकेका केसाच्या मुळात सरकवून वीज द्यायची. तो केस चिमट्यानं ओढला की अलगद निघतो, पण अशा केसांची संख्या हजारांत असते आणि काम शेकडो तासांचं. काळे केस आहेत तोवर लेझर करून घेतला तर हे तास पुष्कळ कमी होतात. शिवाय गुळगुळीत गालांचा पुरुष बँकेत विचित्र दिसत नाही, म्हणजे या पावलानं कुणाचं काही उघड होत नाही आणि पुढचं कुठलं दारही बंद होत नाही. ही म्हणाली, "एवढं करा."

लेझरच्या आधी दाढी करायची, पण केस उपटायचा नाही, कारण मूळ जागेवर लागतं. दोन खेपांमध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे. प्रत्येक ठिणगी गरम तेलाच्या शिंतोड्यासारखी लागते, ओठावर सगळ्यात जास्त. पांढऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना सुईनं काढायचं तर चिमट्यात धरण्याइतके वाढू द्यावे लागतात. रविवारची वेळ असली की गुरुवारपासून वस्तरा बंद. शुक्रवारी बचत गटाच्या बायका कर्जाच्या कागदांवर अंगठे द्यायला येतात, तेव्हा माझ्या हनुवटीवर पांढरे खुंट उभे असतात. "साहेब, बरं नाही का?" असं एकीनं काळजीनं विचारलं होतं. ते दोन-तीन दिवस मला फार जड जातात. आरशापेक्षा तळहाताला ते जास्त जाणवतं, आणि हात सारखा तिथेच जातो. सोमवारी मात्र हनुवटी सुजलेली, लाल असते आणि मी आनंदात असते.

मुलीला सांगितलं तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. लग्न पार पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं हिचं म्हणणं. मुलीनं ते ऐकलं नाही. "उद्या त्याला बाहेरून कळलं तर मी त्याला काय तोंड दाखवू?" म्हणून तिनं होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सांगितलं. त्यानं विचार करायला वेळ मागितला, मग होकार कायम ठेवला. त्याच्या आईवडिलांना त्यानं अजून काही सांगितलेलं नाही, आणि ते कुणी, कधी सांगायचं यावरून दोघांची कुरबुर चालू आहे. ती मला अजून बाबाच म्हणते. मी बदलायला सांगितलेलं नाही, तिनंही विचारलेलं नाही.

लग्न वैशाखात आहे. कन्यादानाला मी धोतर नेसणार, हे माझं मीच ठरवलं आहे, कारण तो दिवस तिचा आहे. त्यानंतर जेल सुरू होईल. डॉक्टर म्हणाले, पहिलं वर्षभर सैल शर्टाखाली काही कळणार नाही. बँकेत कधी सांगायचं, यावर आमच्या घरात एकमत नाही. ही अजून साठीवर अडून आहे. मी म्हणते, पुढच्या बदलीला, नव्या शाखेत पहिल्याच दिवशी. बदलीची यादी मे महिन्यात लागते.