फ्लोटकडे झुकून

दुपारी खारा वारा सुटला की कर्ली खाडीच्या तोंडाशी पाणी खवळतं. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, वारा लाटांना आत रेटत असतो, आणि मधे आखूड, खडी लाट उभी राहते. एका फेब्रुवारीत देवबागजवळ मी तिथेच उलटलो. सोबतची कायाक बरीच पुढे गेली होती.

बाहेर पडणं सोपं गेलं. पाण्याखालीच पुढे वाकलो, स्प्रे स्कर्टचा पट्टा चाचपला, पुढे रेटून ओढला. मग कमरेच्या दोन्ही बाजूंना कॉकपिटच्या कडेवर हात टेकून, विजार उतरवावी तशी कायाक अंगावेगळी केली. वर येताना एक हात वल्ह्यावर, दुसरा कायाकवर. कायाक सुटली असती तर वाऱ्याने ती मी पोहून गाठण्याआधीच दूर नेली असती.

कायाक सुलटी केली. वल्ह्याच्या एका पात्यावर पॅडल फ्लोट चढवून तो फुगवला, दुसरं टोक कॉकपिटच्या मागे डेकच्या दोऱ्यांखाली आडवं सरकवलं. पाय मागे मारत छातीने मागच्या डेकवर चढलो, एक पाय वल्ह्याच्या दांड्यावर अडकवला, दुसरा कॉकपिटमध्ये सोडला. इथवर सगळं बरोबर होतं. मग पालथ्याचा उताणा होताना मी भलत्या बाजूला वळलो आणि पुन्हा पाण्यात पडलो.

फ्लोट एकाच बाजूला आधार देतो. त्या बाजूला जरासं वजन राहिलं तर कायाक त्याच्यावर टेकून राहते. खांदा पलीकडे गेला की फ्लोट नुसता हवेत उचलला जातो. म्हणून वळताना छाती फ्लोटच्या दिशेनेच फिरवायची, डोकं खाली ठेवायचं आणि एक हात दांड्यावरून शेवटपर्यंत काढायचा नाही. दुसऱ्या खेपेला मी तसंच केलं आणि बसलो.

बसलो म्हणजे सुटलो असं नाही. कॉकपिटमध्ये मांडीपर्यंत पाणी होतं. कायाक कलली की ते पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून फ्लोट तसाच ठेवून आधी स्कर्ट लावला, त्याच्या कडेतून पंप आत घातला आणि पाणी उपसलं. तोवर ओहोटीने मला बरंच बाहेर नेलं होतं.

फुटणाऱ्या लाटेत ही पद्धत चालत नाही: वल्हं मोडतं किंवा निसटतं. तिथे आधी लाटांच्या पट्ट्याबाहेर जावं लागतं, नाहीतर कायाक धरून किनाऱ्याकडे पोहावं लागतं.

शांत खाडीत हे जमलं म्हणून थांबू नका. जाणकार सोबत घेऊन, वारा किनाऱ्याकडे वाहत असताना, जिथून पोहून परत येता येईल अशा जागी पुन्हा उलटून पाहा.