दोनशे अक्षरांतली विनंती

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपण मुलांना विनंतीपत्र कसं शिकवतो ते जरा आठवून बघा. प्रति, महोदय, विषय, मग आपली ओळख, मग परिस्थिती, आणि अगदी शेवटी 'तरी कृपया' म्हणून मागणी. खाली 'आपला विश्वासू'. मीही गेली कित्येक वर्षं फळ्यावर असंच लिहीत आलो. यंदा गणपती झाल्यावर मात्र माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं या साच्याची अडचण माझ्यापुढं आणून ठेवली.

ती आमच्या पिंपळगाव बसवंतचीच. घरी द्राक्षबाग, आणि या वर्षी तिचं फूड टेक्नॉलॉजीचं शिक्षण पूर्ण झालं. टोमॅटोचा सीझन जोरात होता, बाजार समितीकडं जाणाऱ्या पिकअपच्या रांगेतून वाट काढत ती संध्याकाळी घरी आली. हातात मोबाईल. म्हणाली, "सर, हे काही केल्या बसत नाही. तुम्ही सारांशलेखन शिकवायचात ना, करा आता."

लिंक्डइनवर तिला एक गृहस्थ सापडले होते. द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये ते क्वालिटीचं काम बघतात. ओळख काहीच नाही. लिंक्डइनवर अनोळखी माणसाशी जोडून घ्यायची विनंती पाठवताना सोबत एक छोटी चिठ्ठी जोडता येते. विनामूल्य खात्याला त्यासाठी २०० अक्षरं मिळतात. पैसे भरून खातं घेतलं तर ३००. शिवाय विनामूल्य खात्यातून महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या जातात, म्हणजे एक वाया घालवणं परवडत नाही. एकदा गेलेली चिठ्ठी दुरुस्तही करता येत नाही.

तिनं लिहिलेलं होतं ते असं:

"आदरणीय सर, सादर नमस्कार. मी पिंपळगाव बसवंत येथील एका द्राक्ष उत्पादक शेतकरी कुटुंबातील असून नुकतेच फूड टेक्नॉलॉजी विषयात पदवी शिक्षण पूर्ण केले आहे. आपला अनुभव पाहून अतिशय प्रेरणा मिळाली. आपल्या पॅकहाऊसमध्ये येत्या हंगामात कामाची संधी असल्यास कृपया मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती."

मी वाचलं आणि खरं सांगायचं तर मनात दहापैकी नऊ गुण देऊन टाकले. शुद्ध, नम्र, नीट बांधलेलं. पण हे भरतं २८२ अक्षरं. दोनशेवं अक्षर कुठं येतं ते आम्ही मोजलं, तर ते 'आपल्या पॅकहा' इथं! म्हणजे नमस्कार, कुटुंब, पदवी, प्रेरणा सगळं आत बसलं आणि जे मागायचं होतं तेवढंच बाहेर राहिलं. यात तिची काही चूक नाही. मागणी शेवटी ठेवायची हे मीच तिला शिकवलं होतं.

इथं थोडं थांबून अक्षरांबद्दल सांगतो, कारण मराठीच्या शिक्षकाला याची मोठी गंमत वाटेल. आपण 'द्राक्ष' या शब्दात दोन अक्षरं मोजतो, द्रा आणि क्ष. मोबाईल सात मोजतो. द, पाय मोडल्याची खूण, र, काना, क, पुन्हा पाय मोडल्याची खूण, ष. आपल्याला अखंड दिसणारा क्ष तिथं एकटाच तीन जागा खातो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांतलं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा. 'पिंपळगाव बसवंत' ही आपल्या डोळ्याला नऊ अक्षरं, मोबाईलला चौदा. म्हणून चिठ्ठीची लांबी नजरेनं ठरवू नका, पेटीखालचा आकडा बघत लिहा. एसएमएसमध्येही हाच प्रकार असतो; इंग्रजी संदेशाला १६० अक्षरं मिळतात, पण मराठीतलं एक जरी अक्षर आलं की एका संदेशाची मर्यादा ७० वर येते.

"मग इंग्रजीत लिहू का?" तिनं विचारलं. ते गृहस्थ स्वतः काय लिहितात ते आम्ही बघितलं. त्यांच्या बहुतेक पोस्ट मराठीत, मधून मधून इंग्रजी शब्द. मग मराठीच ठेवायचं ठरलं. ज्यांच्या पोस्ट इंग्रजीत असतात त्यांना इंग्रजीत लिहावं, त्यात कमीपणा कसला?

आता कापाकापी. तिनं पटापट शब्द उडवले आणि दोन मिनिटांत नवा मसुदा दाखवला:

"नमस्कार सर, मी पिंपळगाव बसवंतची. फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेतली आहे. तुमच्याशी जोडले जायला आवडेल. मार्गदर्शन मिळावे."

११३ अक्षरं. बसलं की! उलट ८७ शिल्लक. ती खूश झाली, पण मला हा मसुदा पहिल्यापेक्षा वाईट वाटला. पहिल्यात मागणी निदान होती, कापली गेली एवढंच. इथं मागणीच उरली नाही. 'जोडले जायला आवडेल' हे तर विनंती पाठवली यातच आलं. आणि 'मार्गदर्शन' म्हणजे नेमकं काय? वाचणाऱ्या माणसानं पुढं काय करायचं? त्याला आधी हिला विचारावं लागणार की बाई, तुला हवंय तरी काय. कामात असलेला माणूस ते विचारत नाही, चिठ्ठी तशीच पडून राहते. पालकांनी मुलांच्या चिठ्ठ्या तपासताना हीच खूण बघावी. वाचणाऱ्याला एका ओळीत उत्तर देता येतं का? येत नसेल तर मागणी हरवलेली आहे, मग अक्षरं कितीही कमी असोत.

मी तिला म्हटलं, मोबाईल बाजूला ठेव. ते गृहस्थ आत्ता या ओट्यावर येऊन बसले आणि तुला एकच प्रश्न विचारू दिला, तर काय विचारशील? ती म्हणाली, "नोकरी द्याल का?" मी म्हटलं, अनोळखी माणूस याला हो म्हणेल? "नाही." बरं, नाही म्हणायलाही त्याला अवघड जाईल, म्हणून तो गप्पच बसेल. मग दुसरा प्रश्न? थोडा विचार करून म्हणाली, "जानेवारीत निर्यातीची द्राक्षं सुरू होतात. त्यासाठी क्वालिटीत नवी मुलं कधी घेतात तेच मला माहीत नाही. अर्ज कधी करायचा ते कळलं तरी पुरे."

हीच तिची खरी मागणी. एका शब्दात उत्तर देता येईल अशी, आणि उत्तर देणाऱ्याच्या खिशाला कुठंही हात न घालणारी. ती आम्ही आधी लिहिली: 'जानेवारीच्या हंगामासाठी नवी मुले तुम्ही कोणत्या महिन्यात घेता?' बाकी सगळं तिच्याभोवती, उरलेल्या जागेत. तू कोण, आणि त्यांनाच का विचारतेस, एवढ्या दोनच गोष्टी त्या माणसाला लागतात.

"नमस्कार सर. मी पिंपळगाव बसवंतची, यंदा फूड टेक्नॉलॉजी पूर्ण. तुम्ही द्राक्ष पॅकहाऊसची क्वालिटी पाहता. जानेवारीच्या हंगामासाठी नवी मुले तुम्ही कोणत्या महिन्यात घेता? एवढेच विचारायचे आहे."

१८४. 'एवढेच विचारायचे आहे' हे फुकटचं वाटेल, पण मी ते ठेवायला लावलं. वाचणाऱ्याला कळतं की यामागून नोकरीचा तगादा येणार नाही.

तेवढ्यात तिचे वडील मोटारसायकल लावून आत आले. मसुदा ऐकून म्हणाले, "आपली बाग आहे ते नाही का लिहिलं? घड कशाला म्हणतात हे पोरीला ठाऊक आहे, ते त्याला कळायला नको?" मुद्दा बिनतोड होता. 'घरची द्राक्षबाग.' एवढंच घातलं, पुढच्या मोकळ्या जागेसकट सतरा अक्षरं, आणि आकडा झाला २०१. एका अक्षरासाठी अडलं! तिनं 'नमस्कार'वर बोट ठेवलं. मी नको म्हटलं. परक्या वडीलधाऱ्या माणसाला नमस्काराशिवाय लिहिणं आपल्याकडं बरं दिसत नाही. मग लक्षात आलं की प्रश्नातला दुसरा 'तुम्ही' नकोच आहे. 'घेता?' म्हटलं की तुम्ही त्यातच आला. मराठीच्या क्रियापदाची ही सोय आपण व्याकरणात शिकवतो आणि लिहिताना विसरतो. तो शब्द आणि त्याची मोकळी जागा मिळून सात अक्षरं गेली, आकडा आला १९४ वर. ('आपण' लिहिलं असतं तर 'तुम्ही'पेक्षा तीन अक्षरं कमी लागली असती, पण तिच्या तोंडी तुम्हीच शोभतं.)

वडिलांना हे सगळं बघून विरळणी आठवली. घडातले मणी काढताना नवखा मजूर हात आखडतो, म्हणाले, आणि जास्त शिकलेला नको ते काढतो. मला तारेची आठवण झाली. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण आमच्या शाळेच्या वयात तारलेखनाला परीक्षेत गुण असायचे. तिथं पैसे शब्दावर होते, त्यामुळं शब्द लांब असला तरी चालायचं. शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना तर क्रमांकच असायचे, नुसता आकडा द्यायचा. इथं हिशेब उलटा आहे. शब्द किती याला महत्त्व नाही, शब्द किती लांब आणि त्यात जोडाक्षरं किती, याला आहे. 'मार्गदर्शन' एकटं दहा अक्षरं खातं आणि सांगत काहीच नाही.

पाठवतानाही एक खाचखळगा आहे. संगणकावर Connect दाबलं की Add a note असा पर्याय समोर येतो. मोबाईलवर मात्र Connect दाबलं की विनंती तशीच, कोरी निघून जाऊ शकते; चिठ्ठीसाठी आधी तीन टिंबांच्या यादीत शिरून तिथला पर्याय शोधावा लागतो. आणि मजकूर आधी दुसरीकडं लिहून, मोजून, मगच तिथं चिकटवलेला बरा.

चिठ्ठी गेली. नवव्या दिवशी विनंती स्वीकारली गेली आणि खाली उत्तर आलं, "नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. तेव्हा बायोडेटा पाठव. बाग कुठल्या वाणाची?" आता दोनशेची अट नव्हती. एकदा जोडले गेलो की साध्या संदेशात हवं तेवढं लिहिता येतं. पदवी, प्रकल्प, गुण, जे जे आम्ही काढून ठेवलं होतं ते सगळं तिनं तिथं सावकाश लिहिलं.

मी या साच्याचा पाठ आता नववीत घेतो. विनंतीपत्राचा नेहमीचा मसुदा मुलं लिहितात, मग मी म्हणतो, शेवटचं वाक्य उचलून वर आणा आणि त्यावरून प्रश्नचिन्ह असलेलं एकच वाक्य करा. निम्म्या मुलांना तेच जमत नाही. आपल्याला काय हवंय हे त्यांच्या पत्रात कुठंच नसतं, 'योग्य ते सहकार्य करावे' एवढंच असतं. परीक्षेत त्याला गुण मिळतात, मीही देतो.

तिची दुसरी चिठ्ठी मात्र फसली. उत्साहाच्या भरात मोबाईलवरून दुसऱ्या एका पॅकहाऊसमधल्या बाईंना थेट Connect दाबलं आणि विनंती कोरीच गेली. घाबरून तिनं ती मागं घेतली. तशी मागं घेतली की त्याच व्यक्तीला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. सध्या ती कॅलेंडरवर दिवस मोजते आहे. मसुदा तयार आहे, १७६ अक्षरांचा.