फळ्या लावलेले दुकान

आमचे आबा बाजारपेठेतल्या तांब्या-पितळेच्या दुकानात गेली २२ वर्षे उचल-ठेवीचे काम करतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी शेठजींना परस्पर सांगून टाकले, "आमची पोरगी कॉलेजात कंप्युटर शिकते, ती बघेल." दुकानाची वेबसाइट वर्षापूर्वी शेठजींच्या भाच्याने करून दिली होती, तिच्यावरून एकही गिऱ्हाईक आले नव्हते. शब्द आबांनी दिला आणि निभवायचा मी, अशी ही गोष्ट.

पहिल्या दिवशी मी एका फुकट मिळणाऱ्या तपासणी-साधनाला साइटचा पत्ता दिला. त्याने ८६ दोष काढले. त्याची ११ पाने छापून घेऊन मी गादीसमोर उभी राहिले आणि एकेक दोष वाचू लागले. तिसऱ्या पानावर शेठजींनी चष्मा काढून ठेवला. "बाळ, यातलं मी नेमकं काय करायचं?" मला उत्तर देता येईना. आबा तराजूपाशी खाली मान घालून उभे होते. रात्री जेवताना ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, हे रागावण्यापेक्षा वाईट.

दुसऱ्या दिवशी ती यादी बाजूला ठेवली आणि साधाच प्रश्न घेतला: गूगलला हे दुकान ठाऊक तरी आहे का? शोधाच्या चौकटीत `site:` लिहून त्याला जोडून दुकानाचा पत्ता लिहिला. एकही पान आले नाही. पण हा शोध पुष्कळदा अपुरा निघतो, त्यावर निकाल देता येत नाही. म्हणून Ctrl+U दाबून पानाचा मूळ मजकूर उघडला. वरच्या भागातच ही ओळ होती:

```html
<meta name='robots' content='noindex, nofollow' />
```

हे पान तुमच्या यादीत घेऊ नका, असा हा शोधयंत्राला निरोप. वर्डप्रेसवर साइट बांधताना अर्धवट पाने शोधात येऊ नयेत म्हणून `Discourage search engines from indexing this site` या चौकटीत खूण करतात. काम संपल्यावर ती काढायची राहून गेली होती. साधनाच्या यादीत ही ओळ ४१वी होती, चित्रांच्या आकाराच्या तक्रारींखाली. साधनाला सगळे दोष सारखेच! पण ही खूण असेपर्यंत बाकीचे ८५ दुरुस्त करूनही गूगलवर कोणी येणार नव्हते.

मग एकच गोष्ट आणखी पाहिली. दुकानाचा खरा माल म्हणजे तांब्याचे बंब. त्यांच्या पानावर 'बंब' हा शब्द Ctrl+F ने शोधला तर सापडेना. लिटर, वजन, किंमत सगळे फोटोवरच रंगीत अक्षरांत छापलेले. चित्रातली अक्षरे शोधयंत्र खात्रीने वाचेलच असे नाही. शिवाय प्रत्येक पानाचे शीर्षक होते 'Home'.

कागद देण्यापूर्वी भाच्याला पुण्याला फोन केला. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मामांना सांगितलंस?" मी म्हटले, "चूक कोणाची ते लिहिलं नाही, काय करायचं तेवढंच लिहिलंय." खूण त्याने फोनवर असतानाच काढली.

या खेपेस एकच कागद होता. त्यावर तीन कामे, प्रत्येकापुढे कोणी करायचे, किती वेळ लागेल आणि झाल्याचे कसे ओळखायचे. पहिल्यापुढे लिहिले होते: 'दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या, काढल्या. आता गूगलला पुन्हा बोलावणे धाडायचे.' दुसरे: प्रत्येक बंबाखाली लिटर, वजन, किंमत अक्षरांत लिहायची, माहिती आबा देतील, टंकन मी करीन, दोन दुपारी. तिसरे: प्रत्येक पानाला त्या मालाचे नाव.

शेठजींनी दोनदा वाचले. "मग पहिल्या नंबरावर येईल?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. 'हो' म्हटले असते तर त्यांना किती बरे वाटले असते! "ते माझ्या हातात नाही," मी म्हटले. "कोणाच्याच नाही. दिसायला लागेल, एवढं बघू शकते. त्यालाही काही दिवस, कदाचित आठवडे लागतील."

"बरं," शेठजी म्हणाले. "निदान खोटं तरी नाही बोलत."

भाच्याने सर्च कन्सोलमध्ये मला प्रवेश दिला होता. तिथे प्रत्येक पान तपासून 'Request indexing' दाबले. बाराव्या दिवशी बंबाचे पान गूगलवर आले. महिनाभराने लोक काय लिहून तिथवर पोचले ते पाहिले. एकूण नऊ क्लिक. त्यांतले चार एकाच शब्दांवरून होते: `bambachi toti`. रोमन अक्षरांत.

तोट्यांबद्दल साइटवर आम्ही वेगळे काहीच दिले नव्हते. एका बंबाच्या वर्णनात तो शब्द ओघाने आला होता, तेवढाच. शेठजींना सांगितले तेव्हा ते हसले आणि त्यांनी गादीखालचा खण ओढला. खण पितळी तोट्यांनी भरलेला होता.

"आबा," ते म्हणाले, "मापं सांगा तिला."

आबा खाली बसून एकेक तोटी हातात घेऊ लागले.