उंदीर, कात्री आणि हाल

इंग्रजीत मेंढी एक असो वा दहा, शब्द ‘शीप’च. मराठीत उंदराचं तसंच आहे: एक उंदीर, दहा उंदीर. मग संख्या कळते कुठून? क्रियापदातून. उंदीर पळाला, उंदीर पळाले. पुढे प्रत्यय आला, की नामातही फरक दिसतो: उंदराचं बीळ, उंदरांचं बीळ. टाइप करताना तेवढं टिंब सुटलं, की अख्खं कुटुंब जाऊन एकच उंदीर उरतो.

‘सिझर्स’ दोन पात्यांमुळे कायम अनेकवचनी. आपली कात्री मात्र एकवचनी. आपले कायम अनेकवचनी शब्द अंगावर येणारे आहेत: डोहाळे, कांजिण्या, हाल. कांजिण्यांचे फोड निदान मोजता तरी येतात. ‘एक हाल’ मात्र कुणी म्हणत नाही. माणूस एकटा असला, तरी त्याचे हाल ‘झाले’च म्हणावं लागतं.