चरात गाडी लावू नका

मराठीत आपण ‘दरड कोसळली’ म्हणतो आणि त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसवतो. अख्खा डोंगर माती-झाडांसकट खाली येतो, तीही दरड. कड्यातून एकच धोंडा सुटून रस्त्यावर येतो, तीही दरड. पहिली आली की घाट बंद होतो आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. जुलै २०१३मध्ये माळशेज घाट असाच कित्येक दिवस बंद होता. दुसरीची बातमी बहुतेक वेळा होतच नाही. कोणीतरी दगड बाजूला ढकलतो आणि वाहतूक पुढे जाते. पण जुलै २०२४मध्ये याच घाटात एका चालत्या रिक्षावर दगड पडले आणि एका लहान मुलासह दोघे जण गेले.

मी शिक्षक आहे, इंजिनीयर नाही. या सुटणाऱ्या दगडाबद्दल मला जे कळलं ते माझ्या मोठ्या मेहुण्यांमुळे. ते बरीच वर्षं रस्त्याच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही मुरबाडहून ओतूरला एका लग्नाला निघालो होतो. घाटात मुलांना कणीस हवं होतं. डोंगराच्या बाजूला, कड्याच्या अगदी पायथ्याशी एक हातगाडी दिसली. रस्त्याला अडथळा नको म्हणून मी गाडी शहाण्यासारखी डांबराखाली उतरवली आणि कड्याला चिकटून लावली.

मेहुणे ओरडलेच, “मास्तर, आधी गाडी काढा इथून!”

“भाईजान, रस्त्यावर लावू का मग? इथे जागा आहे.”

“ही जागा गाडीसाठी नाही. दगडासाठी आहे.”

गाडी वर मोकळ्या जागेत लावली आणि मग त्यांनी मला ती जागा लांबून दाखवली. मी तिला गटार समजत होतो. पावसाचं पाणी वाहून न्यायला गटार लागतंच. पण कापलेल्या कड्याखाली जी रुंद, खोल पट्टी सोडतात तिचं खरं काम वरून आलेला दगड रस्त्यावर पोचण्याआधी अडवणं हे असतं. मेहुणे तिला नुसतं ‘चर’ म्हणायचे.

दगड सुटतो का, हे आपल्या सह्याद्रीत उघड्या डोळ्यांनी दिसतं. काळ्या कातळाचे थर एकावर एक असतात आणि मधूनमधून मऊ, सच्छिद्र किंवा तांबड्या मातीसारखा थर येतो. पाऊस मऊ थर खातो. वरचा कठीण कातळ पुढे लोंबत राहतो. त्याला उभ्या भेगा असतातच, शिवाय रस्ता करताना लावलेल्या सुरुंगांनी त्या आणखी मोकळ्या होतात. भेगेत पाणी भरलं की ते दगडाला बाहेर रेटतं, आणि पिंपळाचं मूळ घुसलं की तेही पाचरीसारखं काम करतं. मग एक दिवस दगड सुटतो. कधीकधी पाऊस थांबून ऊन पडल्यावर सुटतो, आणि लोक तेव्हाच फोटो काढायला उतरलेले असतात.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा काळा दगड साधारण ८० किलोचा भरतो. तो २० मीटरवरून पडला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास जातो. रिक्षाच्या टपाला तो काय, आणि गाडीच्या पत्र्याला काय, सारखाच.

चर किती मोठा हवा, याचा पहिला पक्का अभ्यास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आर्थर रिची या भूशास्त्रज्ञाने केला. त्याने शेकडो दगड कड्यांवरून सोडून त्यांचं चित्रीकरण केलं आणि १९६३मध्ये मापं प्रसिद्ध केली. त्याच्या लक्षात आलं की जवळजवळ उभ्या कड्यावरून दगड सरळ हवेतून पडतो आणि पायथ्याजवळच आपटतो. कडा थोडा कलता असेल तर दगड त्यावर आपटून बाहेर उसळतो, आणि उतार आणखी कमी झाला की गडगडत येतो. उभ्या, १० ते २० मीटर उंचीच्या कड्यासाठी त्याने साधारण साडेचार मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल चर सांगितला. तळ सैल खडीचा असेल तर दगडाचा जोर तिथेच मरतो. तळाला काँक्रीट असेल तर दगड पुन्हा उसळी घेतो.

मेहुण्यांनी समोरचा कडा नजरेने १५ मीटरचा धरला. मग दोघं रस्त्याच्या कडेने चालत चराच्या रुंदीचा अंदाज घेतला. जेमतेम दोन पावलं, म्हणजे दीड मीटर. त्यातही गाळ, जुने दगड आणि कणसाची सालं भरून तळ रस्त्याच्या पातळीला आला होता. “आता इथे दगड पडला तर तो थेट कुठे येईल?” त्यांनी विचारलं. माझी गाडी जिथे होती तिथे, किंवा तिच्या पलीकडे चालत्या रस्त्यावर. चर भरला की चर उरत नाही. रस्ता रुंद करताना चराची जागा डांबरात घेतली, तरी तेच होतं.

घाटात एवढी रुंदी मिळत नाही, म्हणून जाळी येते. जुलै २०१५मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी दगड धावत्या गाड्यांवर पडले, माणसं गेली. त्यानंतर तिथल्या कड्यांवरचे सैल दगड काढून जाळ्या बसवल्या गेल्या. मला वाटायचं, जाळी दगडाला धरून ठेवते. काही ठिकाणी ती कातळात बोल्ट ठोकून घट्ट ताणतात, तेव्हा धरतेही. पण पुष्कळ ठिकाणी ती वरच्या काठाला पोलादी दोराने बांधून पडद्यासारखी खाली सोडलेली असते. दगड सुटतोच, फक्त बाहेर उसळत नाही. जाळी आणि कडा यांच्यामधून घसटत, वेग हरवत पायथ्याशी उतरतो. म्हणजे जाळीलाही खाली चर लागतोच. घराएवढा धोंडा किंवा चिखलाचा लोंढा आला तर ती जाळी फाटते. ते तिचं कामच नाही.

तेव्हापासून मी घाटात वर बघतो. काळ्या कड्यावर उजळ, ताजा डाग दिसला तर तिथून नुकताच दगड निघालेला असतो. जाळीला पोट सुटलेलं दिसलं तर आत दगड साचलेत, ते काढायला हवेत. बारीक खडे टपटपत असतील किंवा भेगेतून गढूळ पाणी येत असेल, तर तिथे एक क्षणही थांबू नये.

गेल्या वर्षी शाळेची पावसाळी सहल माळशेजला ठरली. मी ड्रायव्हरला आधीच सांगितलं की कड्याखाली बस कुठेही थांबणार नाही, थेट वरच्या मोकळ्या पठारावर थांबेल. मुलं धबधब्यापाशी ओरडली, मागच्या बाकांवरून “सर, फक्त पाच मिनिटं!” आलं. बस थांबली नाही.

खिडकीतून तो कणीसवाला दिसला, तिथेच, चरात. जाताना त्याला सांगता आलं नाही, म्हणून परतीच्या वाटेवर मी बस पुढे मोकळ्या जागेत थांबवली आणि एकटा चालत मागे गेलो. डोंगरापासून दूर, रस्त्याच्या पलीकडे रस्त्याच्या कडेवर उभा राहून त्याला मेहुण्यांचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

“मास्तर, वरच्या पठारावर आधीच सात गाड्या आहेत,” तो म्हणाला. “इथे गिऱ्हाईक थांबतं.”

गिऱ्हाईक म्हणजे मीच होतो, दोन वर्षांपूर्वीचा. आपण तिथे थांबतो म्हणून तो तिथे उभा राहतो.