कुणाचे किती उरले?

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "ताई, आकडे कमी ठेवा. दिवाळीत वाचकांना आकडे नको असतात." मी हो म्हणाले, पण धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं तिला आकडे टाळून लिहा म्हणणं अवघडच आहे. तेव्हा एकाच संस्थेचे, एकाच वर्षाचे थोडेसे आकडे सांगते. ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

संस्था मराठवाड्यातली. नाव-गाव सांगत नाही, कारण माणसं प्रामाणिक आहेत. तिची एक विनाअनुदानित शाळा आहे आणि एक वाचनालय आहे. एका सद्गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ या संस्थेला १२ लाख रुपये दिले. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवावं, दोन हंगाम. रक्कम सप्टेंबरात आली. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आपलं आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. म्हणजे वर्षअखेरीला या देणगीतले बरेचसे पैसे शिल्लक असणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं.

खजिनदारांनी काय केलं? रक्कम संस्थेच्या नेहमीच्या बचत खात्यात भरली आणि खतावणीत 'देणगी' या सदराखाली जमा केली. तिथेच वाचनालयाला मिळालेले पाचशे-हजारही जमा होत होते. मार्चअखेर वसतिगृहावर ५,१०,००० रुपये खर्च झाले: धान्य, किराणा, स्वयंपाकीण मावशींचं मानधन, अंथरूण-पांघरूण. प्रत्येकाची पावती होती. बिलं इतकी नीट लावलेली की मला कौतुक वाटलं.

उत्पन्न-खर्च पत्रक असं दिसत होतं. एकूण उत्पन्न ४३ लाख, एकूण खर्च ३८ लाख ८० हजार, शिलकी वाढावा ४ लाख २० हजार. विश्वस्तांच्या सभेत हा आकडा वाचला गेला तेव्हा टाळ्या पडल्या म्हणे. कित्येक वर्षांनी संस्था वाढाव्यात आली होती.

आता वसतिगृह बाजूला काढा. ४३ लाखांतून त्याचे १२ लाख वजा केले की संस्थेचं स्वतःचं उत्पन्न ३१ लाख राहतं. खर्चातून ५,१०,००० वजा केले की स्वतःचा खर्च ३३ लाख ७० हजार होतो. म्हणजे ज्या वर्षी टाळ्या पडल्या त्या वर्षी संस्थेला २ लाख ७० हजारांची तूट होती. ही तूट कुणी लपवली नव्हती. दुसऱ्याच्या पैशांखाली ती आपोआप झाकली गेली होती.

हिशेबाची योग्य रीत फार अवघड नाही. अशी देणगी आली की ती उत्पन्नात घ्यायची नाही. ताळेबंदाच्या देणे बाजूला 'हंगामी वसतिगृह निधी' या नावाने जमा दाखवायची. धर्मादाय कायद्याखालच्या १९५१च्या नियमांमध्ये ताळेबंदाचा जो नमुना दिला आहे, त्यात मूळ निधीची जागा वेगळी आहे आणि विशिष्ट कामासाठी राखलेल्या निधींची वेगळी. म्हणजे सोय जुनीच आहे, वापरत मात्र कुणी नाही. मग वसतिगृहाचा खर्च होत जाईल तो वेगळ्या सदराखाली नोंदवायचा आणि जेवढा खर्च झाला तेवढीच रक्कम निधीतून काढून उत्पन्नाकडे वळवायची. इथे ५,१०,००० खर्च आणि ५,१०,००० वळती, म्हणून वसतिगृहाचा वाढाव्या-तुटीवर परिणाम शून्य. संस्थेची २,७०,००० ची तूट उघडी दिसते आणि निधीत ६,९०,००० शिल्लक दिसतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रकल्पाला वेगळी खूण देता येते. व्हाउचर लिहितानाच ती लावली की वर्षअखेरीला शोधाशोध करावी लागत नाही.

पण इथवर अर्धंच काम झालं. निधीचा आकडा ताळेबंदाच्या एका बाजूला असतो आणि प्रत्यक्ष पैसे दुसऱ्या बाजूला. निधीत ६,९०,००० दिसतात म्हणून ते बँकेत असतीलच असं नाही. मी प्रत्येक संस्थेत पहिल्यांदा हेच बघते. राखीव निधींच्या न खर्चलेल्या रकमांची बेरीज एका कागदावर घेते आणि तिच्याशेजारी बँकेतली शिल्लक नि मुदत ठेवी मांडते. या संस्थेच्या बचत खात्यात वर्षाच्या सुरुवातीला १५,००० होते आणि ३१ मार्चला ४,३५,००० होते. मुदत ठेव एकही नव्हती. पाहिजे होते ६,९०,०००. कमी पडले २,५५,०००. वर्षाची तूट २,७०,०००, त्यातले सुरुवातीचे १५,००० संस्थेचे स्वतःचे. राहिलेले २,५५,००० वसतिगृहाच्या पैशांतून गेले होते.

कुठे गेले हेही लगेच सापडलं. पालकांकडून फी थकली होती आणि जानेवारी-फेब्रुवारीचे शिक्षकांचे पगार त्याच खात्यातून झाले होते.

मी हे अध्यक्षांपुढे ठेवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अहो मॅडम, पैसे संस्थेतच आहेत ना? कुणी घरी नेले का?"

हे वाक्य मी इतक्या संस्थांमध्ये ऐकलं आहे की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. नाही नेले घरी. पण भिशी सांभाळणाऱ्या बाईने त्या पैशांतून स्वतःचं लाइट बिल भरलं तर तीही पैसे घरी नेत नाही, घरातच असतात. विश्वस्त आपण होऊन ठराव करून एखाद्या कामासाठी पैसे बाजूला ठेवतात, तेव्हा ते पुन्हा ठराव करून मोकळे करू शकतात, कारण बंधन त्यांचंच असतं. देणगीदाराने घातलेलं बंधन विश्वस्तांच्या ठरावाने सुटत नाही. ते सोडवायचं तर देणगीदाराची लेखी संमती हवी.

लोकांना वाटतं, ऑडिट झालं म्हणजे असल्या गोष्टी सापडतातच. खरी गंमत इथे आहे. धर्मादाय कायद्याखालच्या ऑडिट अहवालात आम्हाला एक प्रश्न असतो: विश्वस्त व्यवस्थेचा निधी तिच्या उद्देशांखेरीज अन्य कारणासाठी वापरला गेला का? इथे उत्तर 'नाही' असंच येतं. शाळा चालवणं हा संस्थेचा उद्देशच आहे, त्यामुळे शिक्षकांचा पगार उद्देशाबाहेर जात नाही. प्रश्न संस्थेच्या उद्देशाबद्दल विचारला आहे, देणगीदाराच्या उद्देशाबद्दल नाही. एखादा ऑडिटर 'नाही' लिहून, सही करून मोकळा झाला तर त्याला खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. आणि वसतिगृहाचे २,५५,००० कुठेच दिसणार नाहीत.

आता माझ्या आवडत्या भांडणाकडे येते. खजिनदारांनी देणगीच्या पावतीवर 'कॉर्पस' असा शिक्का मारला होता. का, तर कुणीतरी सांगितलं होतं की नाहीतर टॅक्स लागेल. हा समज गावोगाव पसरलेला आहे आणि आमच्याच व्यवसायातल्या काही मंडळींनी तो पसरवला आहे. कॉर्पस म्हणजे कायम राखायचं मुद्दल. खर्च करायचा तो त्याच्या व्याजातून. ते कॉर्पस आहे असं देणगीदाराने लेखी सांगावं लागतं, खजिनदाराच्या शिक्क्याने ते होत नाही. इथे देणगीदार सांगत होते की दोन हंगामांत सगळे पैसे मुलांवर खर्च करा. म्हणजे कॉर्पसच्या अगदी उलट. शिवाय २०२१ सालच्या दुरुस्तीनंतर कॉर्पसची रक्कम ठरलेल्या गुंतवणुकींत वेगळी ठेवावी लागते आणि तिच्यातून केलेला खर्च त्या वर्षीच्या धर्मादाय खर्चात धरला जात नाही. ती रक्कम कॉर्पसमध्ये परत भरली की मगच तो धरला जातो. म्हणजे शिक्का मारून खजिनदारांनी स्वतःच्याच पायात दोरी अडकवली होती.

आणि ज्या भीतीपोटी हे केलं ती भीती खरी होती का? तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याचा ढोबळ नियम असा होता की वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्च झाले पाहिजेत. हिशेबाच्या वह्यांत निधी वेगळा ठेवला तरी आयकरासाठी अशी देणगी उत्पन्नात धरणं मी सुरक्षित समजते. तसं धरलं तरी ४३ लाखांचे ८५ टक्के म्हणजे ३६,५५,०००. संस्थेने खर्च केले होते ३८,८०,०००. टॅक्सचा प्रश्नच नव्हता. आणि खर्च कमी पडला असता तरी दहा नंबरचा फॉर्म वेळेत भरून, कारण लिहून, रक्कम पाच वर्षांपर्यंत पुढे नेता आली असती. हे एवढं लांबण लावून मी सभेतही सांगितलं. एक विश्वस्त जांभई देत होते.

सभेनंतर एक प्रस्ताव आला. शाळेचा लिपिक वसतिगृहाची वहीही लिहायचा, शाळेची जीप कधीमधी धान्य आणायची. तर मग पगार आणि डिझेल यांतला वाटा म्हणून ३१ मार्चच्या तारखेने अडीच लाख वसतिगृहाकडे टाकू, म्हणजे खड्डा भरला. सामाईक खर्चाचा वाटा प्रकल्पावर टाकणं मुळात गैर नाही. पण देणगीच्या पत्रात त्याला जागा हवी आणि वाट्यामागे माप हवं: जीपची लॉगबुक, लिपिकाचे तास. वर्षाच्या शेवटच्या तारखेची, गोल आकड्याची, मागे एकही कागद नसलेली नोंद दिसली की समजावं, खड्डा आधी खणला आणि माप नंतर घेतलं. मी लॉगबुक मागितली. प्रत्यक्षात धान्याच्या सहा फेऱ्या निघाल्या, आणि पत्रात सामाईक खर्चाचा शब्दही नव्हता. प्रस्ताव मागे घेतला गेला.

शेवटी ताळेबंद दुरुस्त झाला. निधी ६,९०,००० दिसला आणि त्याच्याखाली टीप आली की यातील २,५५,००० रुपये सर्वसाधारण कामासाठी वापरले असून ते हंगामापूर्वी परत करायचे आहेत. शिक्का रद्द करून नवी पावती दिली. देणगीदारांना पत्र गेलं. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: पैसे परत करा, वसतिगृह बंद पडू देऊ नका. थकलेली फी जूनमध्ये जोर लावून वसूल झाली, कमी पडले ते दोन विश्वस्तांनी बिनव्याजी दिले, आणि दुसऱ्या हंगामात मुलं वसतिगृहात आली.

मग डोक्यातून जात का नाही? कारण त्या दोन महिन्यांत पगार झाला नसता तर शिक्षक गेले असते, हेही खरं आहे. अध्यक्षांनी डिसेंबरातच देणगीदारांना फोन करून विचारलं असतं, तर ते कदाचित हो म्हणाले असते. विचारायचं सुचलं नाही, कारण वहीत ते पैसे कुणाचे हे लिहिलेलंच नव्हतं. ज्याला बचत खात्यात एकच आकडा दिसतो तो उसनवारी करतो आहे हे त्याला कळणार कसं? मी त्यांना दोषी धरू की नको, हे माझं अजून ठरलेलं नाही. अहवालातली टीप मात्र मी काढली नाही. ती 'सौम्य' करावी असा निरोप दोनदा आला, आणि पुढच्या वर्षी ऑडिट दुसऱ्या कुणाकडे गेलं.

वाचकांपैकी कुणी एखाद्या कामासाठी देणगी देणार असेल तर त्याने फोटो आणि आभारपत्रावर समाधान मानू नये. एप्रिलमध्ये संस्थेला दोन आकडे विचारावेत: माझ्या निधीत किती उरले, आणि सगळ्या राखीव निधींची बेरीज बँकेतल्या पैशांएवढी आहे का. पहिल्याचं उत्तर बहुतेक खजिनदार देतील. दुसऱ्याला जो "विचारून सांगतो" म्हणेल, त्याला वाईट समजू नका. पण उत्तर येईपर्यंत पुढचा चेक लिहू नका.